जादा पगार परत घेण्याची नोटीस : पगार विभागात नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या कारखान्यात महागाई भत्त्याची वाढ सिस्टीममध्ये दोनदा धरली गेली आणि तीन महिने प्रत्येक कामगाराला दरमहा २,४०० रुपये जास्त लागले. नोटिशीचा पहिला मसुदा असा होता : "असे निदर्शनास आले आहे की आपणांस अतिरिक्त वेतन अदा झाले असून सदर रक्कम आगामी वेतनातून वसूल करण्यात येईल." हे वाचून माणूस घाबरणारच. चूक कुणाची, किती पैसे आणि कधी कापणार, यातलं काहीच त्यात नाही. 'वसूल' वाचल्यावर तर बँकेचा माणूस दारात आल्यासारखं वाटतं.

मसुदा माझ्याकडे आल्यावर मी आधी आकड्याकडे वळलो. तीन महिन्यांचे ७,२०० झाले खरे, पण आमच्याकडे मूळ पगार आणि महागाई भत्ता अशा पूर्ण रकमेवर १२ टक्के पीएफ कापतात. म्हणजे ८६४ रुपये आधीच तिकडे गेले होते आणि कामगाराच्या हातात ६,३३६च आले होते. ७,२०० परत मागितले असते तर त्याला पदरचे भरावे लागले असते. पीएफचा हिशोब कंपनीने वेगळा करायचा ठरला. नोटिशीत चुकीचा आकडा गेला की पुढे कितीही गोड भाषा वापरा, कुणी विश्वास ठेवत नाही.

हप्ते सहा ठरले, दरमहा १,०५६ रुपयांचे. वेतन संहितेप्रमाणे महिन्याची एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त होता कामा नये, आणि पतपेढीचा हप्तासुद्धा त्यातच धरावा लागतो. ज्यांची मर्यादा ओलांडत होती, त्यांचे हप्ते वाढवून रक्कम लहान केली.

मग मजकूर असा झाला :

"एप्रिल ते जून या महिन्यांत महागाई भत्त्याची वाढ चुकून दोनदा धरली गेली. ही चूक पगार विभागाची आहे. तुमच्या हातात ६,३३६ रुपये जास्त आले आहेत. ऑगस्टच्या पगारापासून सहा महिने दरमहा १,०५६ रुपये कमी होतील. यावर व्याज किंवा दंड नाही. हप्ता जड जात असेल तर २० ऑगस्टपर्यंत पगार विभागात सांगा, तो लहान करून देऊ. मध्येच नोकरी सोडल्यास उरलेली रक्कम अंतिम हिशोबात धरली जाईल."

शेवटचं वाक्य साहेबांना नको होतं, उगाच कशाला म्हणून. पण राजीनामा देणाऱ्याला ते शेवटच्या दिवशी कळलं की भांडण ठरलेलं.

फलकावर फक्त कारण आणि तारखा लावल्या, रक्कम ज्याची त्याला चिठ्ठीवर दिली. युनियनच्या प्रतिनिधींना मसुदा आदल्या दिवशी दाखवला. त्यांनी एकच विचारलं, "गणपतीच्या महिन्यात कापणार का?" त्यावर पहिला हप्ता सप्टेंबरवर ढकलला आणि चिठ्ठ्या पुन्हा छापल्या.