सहयोगी कंपनीचा हिशेब लावण्याआधी

गेल्या वर्षी फोंड्यातल्या एका काजू कंपनीतली आमची 25 टक्के गुंतवणूक मी वर्षअखेरीला दीड लाखाने जास्त दाखवली. ऑडिटरने विचारल्यावर कळलं, डिव्हिडंड वजाच केला नव्हता. म्हणून यंदा बसण्याआधी हे जमवून ठेवा.

शेअर खरेदीची कागदपत्रं आणि मागचा ताळेबंद लागतीलच. सहयोगी कंपनीचा ऑडिट झालेला ताळेबंद मिळवा, फोनवर सांगितलेला अंदाज चालणार नाही. नफा करानंतरचा घ्या. त्यांचं वर्ष मार्चला संपत नसेल तर आत्ताच विचारा. तीन महिन्यांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

आता डिव्हिडंड. चवथीच्या आसपास त्यांची वार्षिक सभा होते, पैसे सप्टेंबरात येतात आणि आपण एकत्रित हिशेबाला मे महिन्यात बसतो. तोवर विसर पडतो. आपल्या स्वतंत्र पुस्तकांत तो उत्पन्न म्हणून जमा झालेला असतो आणि तिथे ते बरोबरच आहे. पण एकत्रित हिशेबात तो उत्पन्न नाही, आपल्याच वाट्याचा परत आलेला पैसा आहे. म्हणून डिव्हिडंड उत्पन्न नावे, गुंतवणूक जमा. ही नोंद आधी करा, बाकीचं मग.

आकडे असे: 1 एप्रिलला 40 लाखांना घेतले. त्यांची निव्वळ मालमत्ता 1 कोटी 20 लाख, आपला वाटा 30 लाख, म्हणजे 10 लाख गुडविल त्या 40 मध्येच आहे. ते वेगळं काढू नका. वर्षाचा नफा 16 लाख, आपला वाटा 4 लाख. डिव्हिडंड 6 लाख, आपला दीड लाख. वर्षअखेरची रक्कम 40 अधिक 4 वजा दीड, साडेबेचाळीस लाख. मी 44 लाख लिहिले होते आणि नफ्यात 4 ऐवजी साडेपाच लाख धरले होते.

बँकेत मात्र 1,35,000 दिसतील, कारण 10 टक्के टीडीएस कापलेला असतो. वजा करायचे पूर्ण 1,50,000. बँकेच्या पासबुकावरून आकडा उचलू नका, डिव्हिडंडचं पत्र काढा. मार्चनंतर त्यांच्या संचालकांनी नुसती शिफारस केलेला डिव्हिडंड अजून वजा करायचा नाही, सभेची मंजुरी लागते.

ताळा असा: त्यांची अखेरची निव्वळ मालमत्ता 1 कोटी 30 लाख, तिचे 25 टक्के साडेबत्तीस, अधिक गुडविल 10. साडेबेचाळीस जुळलं पाहिजे. फरक बरोबर डिव्हिडंडाएवढा आला तर तोच राहिला आहे, दुसरीकडे शोधू नका.

आपण त्यांना विकलेला माल त्यांच्या गोदामात पडून असेल तर त्यावरच्या नफ्यातला आपला 25 टक्के वाटा काढा. तोटा असेल तर गुंतवणूक शून्याखाली नेऊ नका. हिशेबाला जोडायच्या टिपा शेवटी लिहा. पण डिव्हिडंडाची नोंद झाली का, ते एकदा परत उघडून बघा.