परिपाठात गल्लीतल्या कुत्र्यांवर भाषण कसं करावं

परिपाठात प्रार्थना, सुविचार, बातम्या आटोपल्या की भाषणाला जेमतेम तीन मिनिटं उरतात. त्यात भूतदयेवर बोलत बसलात तर मागच्या रांगांची चुळबुळ सुरू होते. म्हणून मुलांच्या रोजच्या पाहण्यातला एकच प्रसंग धरा. मधल्या सुट्टीत डब्यातली उरलेली भाकरी फाटकाबाहेर पडते, ती खायला कुत्री जमतात आणि पहिलीतली पोरं घाबरून पळत सुटतात.

सुरुवात प्रश्नाने करा: “काल कुणी कुणी भाकरी बाहेर टाकली?” हात वर होतील, पण कुणाला रागावू नका. खाण्यावरून कुत्री आपसात भांडतात आणि मध्ये सापडतं ते लहान मूल, एवढं समजावून सांगा. खाऊ घालायचंच तर फाटकापासून आणि खेळायच्या जागेपासून लांब, ठरल्या वेळी, मोठ्या माणसाबरोबर. शेंगाचटणी लावलेला तुकडा नको; लसूण कुत्र्यांना बाधतो. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो, तेव्हा सावलीत पाण्याचं मातीचं भांडं ठेवणं आणि ते रोज घासणं हे काम कुठल्याही मुलाला जमतं.

पुढचा भाग बोलू नका, करून दाखवा. एका मुलाला कुत्रा करा, दुसऱ्याला झाड. पळणाऱ्याच्या मागे कुत्रं लागतं. म्हणून झाडाने जागचं हलायचं नाही. हात अंगालगत, नजर जमिनीकडे, तोंडातून आवाज नाही. बहुतेक वेळा कुत्रं हुंगतं आणि निघून जातं. सायकलवर असाल तर वेग कमी करून उतरा आणि सायकल मध्ये धरा. खाली पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, मुठी कानांवर ठेवा. मुलं हसतील. हसू द्या, हसलेलं विसरत नाहीत. झोपलेल्या, खाणाऱ्या किंवा पिलांजवळच्या कुत्रीला हात लावायचा नाही, हेही इथंच सांगून टाका.

कानाचा शेंडा कापलेला दिसला तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि तेव्हा रेबीजची लसही टोचतात. पण त्या भरवशावर चावा अंगावर काढायचा नाही.

चाव्याबद्दल मात्र सावकाश बोला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं आणि लशीचे सगळे डोस पुरे करायचे. नुसता ओरखडा उठला तरी दाखवायचंच, कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. मुलं नेमकी इथंच फसतात: कुत्र्याला दगड मारला हे घरी कळेल, ओरडा बसेल, म्हणून चावा लपवतात. तेव्हा स्पष्ट म्हणा, “ओरडा खा, पण सांगा.”

आदल्या दिवशी घड्याळ लावून वाचून बघा. वेळ पुरत नसेल तर खाण्याचा भाग छाटा, चाव्याचा नको.