ऱ्हस्व वेलांटीचा क्रम

निवृत्तीनंतर तहसील कार्यालयात करारावर पुन्हा टंकलेखनाला बसलो, तेव्हा मराठी टंकयंत्रावर मुरलेल्या माझ्या बोटांना इन्स्क्रिप्ट कळफलकावर सर्वांत जास्त अडवले ते ऱ्हस्व वेलांटीने. टंकयंत्रावर ती अक्षराच्या आधी दाबायची; संगणकावर मात्र उच्चाराप्रमाणे आधी व्यंजन आणि मग वेलांटी. जुन्या क्रमाने ‘विनंती’ लिहिली, तर सुरुवातीलाच ठिपक्यांचे वर्तुळ उमटून चूक लगेच कळते. पण ‘शनिवार’चा ‘शिनवार’ होतो आणि घाईत तो नजरेतून निसटतो, हे अधिक धोक्याचे. म्हणून शब्द मनात उच्चारत मी सराव केला: ‘स्थिती’साठी स, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, त, दीर्घ वेलांटी. जोडाक्षराची वेलांटी शेवटच्या व्यंजनानंतरच, हे बोटांत बसल्यावर नोटिशींचे मसुदे कळफलकाकडे न पाहता उतरू लागले.