तक्रारीआधीचा एक मेसेज: सहकाऱ्याला 'हे थांबवा' असं लेखी कसं सांगावं

लेखा विभागातली एक बाई. समोरच्या टेबलावर वयाने मोठा, पण तिच्याच हुद्द्यावरचा सहकारी. सगळे त्याला 'सर' म्हणतात. तिच्या साडीवर, ब्लाउजवर तो शेरे मारतो. ग्रुपवर तिचा फोटो आला की खाली दोन अर्थांचं काहीतरी लिहितो आणि बाकीचे हसतात. तिला तक्रार करायची नाही, निदान आत्ता तरी नाही. हे बंद व्हावं, एवढंच तिला हवंय. अशा वेळी पाच-सहा ओळींचा एक मेसेज बरंच काम करतो, पण तो नीट लिहावा लागतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तक्रार करण्यापूर्वी असा मेसेज पाठवलाच पाहिजे, असं कोणताही कायदा म्हणत नाही. अंगाला हात लावला असेल, पाठलाग होत असेल, धमकी असेल किंवा समोरचा तुमची बढती-बदली ठरवणारा साहेब असेल, तर मेसेजच्या भानगडीत न पडता, ऑफिसमधल्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या अंतर्गत समितीकडे थेट जा. मेसेज कामाचा आहे तो बरोबरीच्या माणसाच्या बोलण्या-लिहिण्यातल्या वागणुकीसाठी.

पहिलं काम: नोंद

मेसेज लिहायच्या आधी वहीत किंवा स्वतःच्या फोनमध्ये प्रसंग लिहून काढा: तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, तेव्हा तिथे कोण होतं. 'काहीतरी घाणेरडं बोलला' अशी नोंद नको. जे बोलला ते जसंच्या तसं लिहा, लिहिताना कितीही संकोच वाटला तरी. ग्रुपवरच्या शेऱ्याचा स्क्रीनशॉट लगेच घ्या आणि त्यात तारीख व पाठवणाऱ्याचं नाव दिसतंय ना ते बघा, कारण 'डिलीट फॉर एव्हरीवन' दाबायला त्याला क्षणभर पुरतो.

मग मसुदा

बहुतेकींचा पहिला मसुदा साधारण असा येतो:

"सर, राग मानू नका, पण एक बोलायचं होतं. तुम्ही कधी कधी जे बोलता त्याने थोडं ऑकवर्ड वाटतं. तुमचा तसा हेतू नसेल, माहितीये. जमलं तर प्लीज जरा टाळाल का? गैरसमज नसावा."

यात नक्की काय थांबवायचं ते कुठेच नाही. 'कधी कधी', 'थोडं', 'जरा', 'जमलं तर' या प्रत्येक शब्दातून त्याला पळवाट मिळते. हेतूचा दाखला तर आपणच त्याच्या हातात देतो. उद्या प्रकरण समितीपुढे गेलं की तो हाच मेसेज काढून म्हणेल, 'बघा, हेतू वाईट नव्हता हे तिनेच लिहिलंय.' शेवटचं 'गैरसमज नसावा' म्हणजे आपल्या बोलण्याची आपणच माफी मागणं.

दुसरा मसुदा संतापाचा असतो. त्यात त्याची लायकी, संस्कार, घरची आई-बहीण सगळं निघतं. तो लिहून मोकळं व्हायला हरकत नाही, पण पाठवू नका. भांडण मग त्याच्या वागण्याऐवजी तुमच्या भाषेवर सुरू होतं.

पाठवण्याजोगा मेसेज असा:

"नमस्कार सर. मंगळवारी 11 तारखेला दुपारी जेवताना तुम्ही सगळ्यांसमोर माझ्या ब्लाउजविषयी बोललात. 4 तारखेला ग्रुपवर माझ्या फोटोखाली 'आज कुणावर बिजली पाडणार' असं लिहिलंत. मला हे अजिबात आवडलेलं नाही. माझ्या कपड्यांवर किंवा दिसण्यावर यापुढे समोर, ग्रुपवर किंवा मेसेजमध्ये काहीही बोलू नका. कामाचं बोलणं नेहमीसारखं चालू राहील."

दोन प्रसंग, तारखांसह. मग 'मला आवडलेलं नाही' हे एकच सरळ वाक्य. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध असलेल्या 2013 च्या कायद्यात छळाची व्याख्या उभी आहे ती वागणूक नकोशी असण्यावर, आणि ती नकोशी आहे हे या वाक्याने लेखी नोंदवलं जातं. त्यानंतर काय बंद करायचं ते नाव घेऊन. शेवटची ओळ यासाठी आहे: उद्या बिलं तपासताना दोघांना समोरासमोर बसायचंच आहे.

संबोधन रोजचंच ठेवा. एरवी 'अरे-तुरे' असेल तर इथे अचानक 'आपण' नको. पण 'दादा', 'भाऊ' म्हणून नातं जोडायचा मोह टाळा. नीट वागायला त्याला तुमचा भाऊ व्हावं लागू नये.

तक्रारीचा उल्लेख करावा का? माझ्या मते पहिल्या मेसेजमध्ये नको. 'नाहीतर बघून घेईन' किंवा 'नाहीतर तुमच्या घरी सांगेन' हे तर कधीच नको, कारण ते धमकीसारखं वाचलं जातं.

पाठवताना

कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत, फक्त त्याला. ग्रुपवर नाही, त्याच्या बायकोला नाही. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर त्या चॅटमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू नाही ना, ते आधी तपासा. पाठवल्यावर स्क्रीनशॉट घ्या, उत्तर आल्यावर पुन्हा घ्या.

उत्तर आल्यावर

'सॉरी, पुन्हा नाही होणार' असं आलं तर 'ठीक आहे' म्हणा आणि थांबा. 'तसं काही नाही हो, इट्स ओके' म्हणून त्याची समजूत घालत बसू नका. बऱ्याचदा मात्र उत्तर येतं ते 'अहो मस्करी होती, एवढं काय मनावर घेता?' असं. त्यावर एक ओळ पुरे: 'मस्करी म्हणूनही नको.' पुढचा वाद घालू नका. त्याने फोन केला तर ऐकून घ्या आणि नंतर लिहून पाठवा: 'आत्ता फोनवर बोललो. माझं म्हणणं मेसेजमध्ये लिहिल्याप्रमाणेच आहे.' उत्तर आलंच नाही तरी बिघडत नाही. उत्तरापेक्षा पुढचे पंधरा-वीस दिवस तो कसा वागतो ते महत्त्वाचं. टोमणे थांबले पण तुमच्या फायली अडायला लागल्या, मीटिंगचे निरोप येईनासे झाले, तर तेही नोंदीत घ्या.

थांबलं नाही तर

दुसरा, तिसरा मेसेज पाठवत राहू नका. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने असते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते, पण तुम्ही मेसेज पाठवलात म्हणून मुदत थांबून राहत नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हा कायदा स्त्रियांच्या तक्रारीपुरता आहे. पुरुष सहकाऱ्याला असाच त्रास होत असेल तर मेसेज असाच लिहावा, पुढची दाद मात्र कंपनीच्या नियमांनुसार एचआरकडे मागावी.

तक्रार लेखी द्यायची असते. नियमांप्रमाणे सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. तुमचा मेसेज, त्याचं उत्तर आणि त्यानंतरच्या प्रसंगांची नोंद तारखेच्या क्रमाने लावून प्रत्येक प्रतीला जोडा. दिलेल्या तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका.