सरासरी पेस काढताना या चुका टाळा: घाटातल्या कमी-जास्त स्प्लिटचा हिशेब

साताऱ्यात बोगद्याच्या बाजूने यवतेश्वर घाट चढून परत उतरणाऱ्याचे कोणतेही दोन किलोमीटर सारखे पडत नाहीत. सपाट रस्त्यावर हिशेबात थोडी गडबड झाली तरी उत्तर फारसं बिघडत नाही, पण घाटात तीच गडबड किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंदांची होते. मग त्या खोट्या पेसवर पुढच्या शर्यतीचा बेत आखला जातो आणि चढावरच दम संपतो.

एका धावेचे आकडे घेऊ. ३.२ किलोमीटर वर आणि तेवढेच खाली, एकूण ६.४. स्प्लिट असे: ७:१०, ७:४८, ८:०५, ५:५२, ५:२०, ५:३१ आणि शेवटच्या ०.४ किलोमीटरला २:०४. चौथा किलोमीटर पाचव्यापेक्षा हळू दिसतो, कारण त्यातले पहिले दोनशे मीटर अजून चढाचेच आहेत.

सगळ्यात जास्त चुका त्या शेवटच्या तुकड्यावर होतात. त्याच्यापुढे घड्याळ ५:१० असा पेस दाखवतं. लोक सातही पेस मिळवून सातने भागतात, उत्तर येतं ६:२५. पण चारशे मीटरच्या तुकड्याला पूर्ण किलोमीटरइतकं वजन कसं देता येईल? तो उताराचा, वेगाचा तुकडा आहे, त्यामुळे सरासरी फुकटची चांगली दिसते. पूर्ण किलोमीटरच्या स्प्लिटची साधी सरासरी चालते, कारण त्यांचं अंतर सारखं असतं. अंतर बदललं की एकच वाट उरते: एकूण वेळ भागिले एकूण अंतर. इथे वेळांची बेरीज ४१:५०, म्हणजे २५१० सेकंद. ६.४ ने भागल्यावर ३९२ सेकंद, म्हणजेच ६:३२.

उत्तर खरं की खोटं हे उलटं गुणून लगेच कळतं. ६:२५ गुणिले ६.४ केलं तर ४१:०४ येतात. तुम्ही तर ४१:५० धावलात. ती ४६ सेकंदं गेली कुठे? ६:३२ ने गुणलं की ४१:४९ येतात, सेकंदाचा फरक फक्त पूर्णांकात केल्याचा. मी ही तपासणी प्रत्येक वेळी करतो, तुम्हीही करा.

दुसरी चूक कॅल्क्युलेटरवर होते. ४१:५० हे ४१.५० म्हणून टाकलं की उत्तर ६.४८ येतं आणि ते ६:४८ असं वाचलं जातं. मिनिटात साठ सेकंद असतात, शंभर नव्हे. ५० सेकंद म्हणजे ०.८३ मिनिट. बरोबर आकडा टाकला तरी उत्तर ६.५४ दिसतं, ते ६:५४ नव्हे. दशांशातला भाग साठने गुणा: ०.५४ चे ३२ सेकंद. त्यापेक्षा सगळं आधी सेकंदांत करून घेतलेलं बरं.

शीटमध्ये हिशेब ठेवत असाल तर नुसतं 41:50 टाइप करू नका, शीट ते ४१ तास ५० मिनिटं समजते. सुरुवातीला शून्य तास लिहा:

```
A1:  0:41:50
B1:  =A1/6.4
```

B1 ला `mm:ss` फॉरमॅट दिलात की 06:32 दिसेल.

तिसरी चूक हिशेबात हुशार असलेलेच करतात: पेसचा ताशी वेग करून वेगांची सरासरी घेणं. एक किलोमीटर ८:०० ने चढलात आणि एक ५:०० ने उतरलात, तर वेग ताशी ७.५ आणि १२, सरासरी ९.७५, म्हणजे ६:०९ चा पेस. प्रत्यक्षात दोन किलोमीटरला १३ मिनिटं लागली, म्हणजे ६:३०. चढावर तुम्ही आठ मिनिटं होतात आणि उतारावर पाचच. हळू वेगात जास्त वेळ गेला, आणि वेगांची साधी सरासरी नेमकं तेच विसरते. स्प्लिटमधला फरक जितका मोठा, तितकी ही चूक मोठी.

आता ऑटो पॉज. वर पोचल्यावर पाणी प्यायला दीड मिनिट थांबलात आणि घड्याळही थांबलं, तर ६:३२ हा फक्त पाय चालू असतानाचा पेस झाला. थांबा धरून ४३:२० लागले, म्हणजे ६:४६. सरावात पाय कसे चालले हे पाहायला पहिला आकडा योग्य आहे. शर्यतीत मात्र पाण्याच्या टेबलापाशीही वेळ चालूच असते, म्हणून तिथला अंदाज दुसऱ्यावरून बांधा.

शर्यत संपल्यावर अंतरही घड्याळाचं घेऊ नका. हाफ मॅरेथॉन २१.०९७५ किलोमीटरची. वळणांवर बाहेरून धावल्याने आणि जीपीएस डगमगल्याने घड्याळ २१.३५ दाखवू शकतं. २ तास १५ मिनिटांना त्याने भागलं तर ६:१९ येतं, मोजलेल्या मार्गाच्या अंतराने भागलं तर ६:२४. पुढच्या वेळी २:१५ च्या आत यायचं ठरवून घड्याळावर ६:१९ धरून धावलात, तर तेवढ्यानेही जेमतेम २:१५ च होतील. तेव्हा घड्याळावरचं लक्ष्य त्याहून पाच-सहा सेकंद कमी ठेवा.