स्लाइड उघडण्याआधी कागदावर: आठ चौकटींचा स्टोरीबोर्ड

सॉफ्टवेअर उघडलं की समोर रिकामी स्लाइड येते. वर शीर्षकाची जागा, खाली मुद्द्यांची जागा. आपण ती जागा भरायला लागतो, आणि जे बोलायचं आहे ते ठिपक्यांच्या यादीत जाऊन बसतं. शिवाय तीन तास खपून सजवलेली स्लाइड काढून टाकायला जीव होत नाही. कागदावर अर्ध्या मिनिटात काढलेली चौकट सहज टाकता येते. अॅनिमेशनच्या स्टुडिओंत 1930च्या दशकात चित्रं सुट्या कागदांवर काढून फळ्यावर टाचण्याची पद्धत रुजली, तीही एवढ्याचसाठी: पिन काढली की क्रम बदलतो.

इथे एक उदाहरण शेवटपर्यंत धरू. पुण्यातली एक सोसायटी, सर्वसाधारण सभा, तुम्हाला मिळालेली 15 मिनिटं. विषय आहे गच्चीवरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये सोडणं. तीन मिनिटं प्रश्नांना ठेवली तर बोलायला 12 उरतात. त्याला आठ चौकटी पुरतात.

कागद तयार करणं

ए-फोर कागद उभा धरा. मधोमध घडी घाला, मग पुन्हा, मग पुन्हा, दर वेळी लांब बाजू अर्धी करत. उलगडल्यावर दोन रकाने आणि चार ओळी, असे आठ भाग दिसतात. प्रत्येक भाग साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि साडेसात सेंटिमीटर उंच असतो. त्यात वरच्या बाजूला 9 सेंटिमीटर रुंद, 5 सेंटिमीटर उंच अशी चौकट आखा. आजच्या रुंद पडद्याचं प्रमाण जवळपास हेच आहे. चौकटीखाली दोनेक सेंटिमीटर पट्टी उरते, ती रिकामी ठेवा.

चौकटीत लिहायला जाड स्केचपेन घ्या. बॉलपेनने तिथे आख्खा परिच्छेद मावतो आणि तो मग स्लाइडवर जातो. स्केचपेनने सहा-सात शब्दांपुढे जागाच उरत नाही. खालच्या पट्टीसाठी मात्र पेन्सिल, कारण ती वाक्यं बरीचदा खोडावी लागतात.

आधी शेवटची चौकट

आठव्या चौकटीपासून सुरुवात करा: बोलून झाल्यावर समोरच्यांनी काय करायचं आहे? ‘पाणी वाचवा’ हे उत्तर चालणार नाही, कारण त्यावर हात वर करता येत नाही. आपल्या उदाहरणात तिथे येईल: ‘पाहणी करून तीन दरपत्रकं मागवायला मंजुरी.’ हे ठरलं की बाकीच्या सात चौकटींना एकच कसोटी लागते: ही मंजुरी मिळायला ही चौकट लागते का? पाण्याचं जागतिक संकट, जलसंधारणाचे प्रकार, प्रस्तावना, हे सगळं इथेच गळतं.

पट्टीत वाक्य, चौकटीत चित्र

खालच्या पट्टीत तुम्ही तोंडाने म्हणाल ते एक पूर्ण वाक्य लिहा. ‘फायदे’ हे वाक्य नाही. ‘जुलैत हेच पाणी आपण गटारात सोडतो’ हे वाक्य आहे. वाक्य सुचत नसेल तर चित्राकडे वळू नका. त्या जागी काय सांगायचं हेच अजून ठरलेलं नाही.

चित्र ओबडधोबड चालतं: माणूस म्हणजे गोल आणि काडी, फोटो म्हणजे फुलीचा चौकोन. एक चौकट जवळून पाहू. गच्ची 400 चौरस मीटर, वर्षाचा पाऊस सुमारे 700 मिलिमीटर, त्यातला 80 टक्के हाती येतो असं धरलं तर 2,24,000 लिटर. पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण हा गुणाकारच चौकटीत लिहितात. तो बरोबर असतो, पण मागच्या रांगेतला माणूस आकडेमोड करत बसतो आणि तुमचं बोलणं हुकतं. दुसऱ्या प्रयत्नात नुसताच ‘2,24,000 लिटर’ हा मोठा आकडा येतो. तो वाचता येतो, पण डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. तिसऱ्या प्रयत्नात 10,000 लिटरचे टँकर काढा, अकरा-अकराच्या दोन रांगा. टँकरचं बिल भरणाऱ्यांना 22 टँकर ताबडतोब कळतात. गुणाकार पट्टीत लिहून ठेवा; कोणी विचारलं तर तोंडी सांगता येईल.

एका चौकटीत दोन चित्रं येऊ लागली तर त्या दोन चौकटी आहेत. उलट, एखाद्या ठिकाणी दाखवण्यासारखं काहीच नसेल तर चौकट काळी रंगवा. तिथे पडदा काळा ठेवायचा आणि लोकांनी तुमच्याकडे बघायचं.

कापा आणि हलवा

आता घड्यांवर कागद कापून आठ तुकडे टेबलावर मांडा. ही पायरी वगळू नका. कागद अखंड राहिला तर मनात आलेला पहिला क्रम तसाच राहतो. क्रमांक पेन्सिलनेच घाला.

फक्त पट्ट्यांमधली वाक्यं मोठ्याने वाचा. दोन वाक्यांमध्ये ‘पण’ किंवा ‘म्हणून’ बसत असेल तर सांधा पक्का आहे. ‘आणखी एक गोष्ट म्हणजे’ याशिवाय काही बसत नसेल, तर एक चौकट चुकीच्या जागी आहे किंवा नकोच आहे. आपला क्रम असा लागतो: मे महिन्यात आपण टँकर विकत घेतले (बिलाचा फोटो). पण जुलैत हेच पाणी गटारात सोडतो. ते किती, तर 22 टँकर. म्हणून पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडून पुढचं फिल्टरमधून बोअरमध्ये घालायचं. पण ते सगळं आपल्याच बोअरला परत मिळेल असं नाही, जमिनीखाली ते पसरतं. मग खर्च, मग दरवर्षी जूनआधी फिल्टर कोण साफ करणार ते, आणि शेवटी मंजुरी.

पाचवी चौकट मुद्दाम पाहा. पहिल्या मांडणीत ती नसतेच, किंवा शेवटी लपलेली असते. ती शंका सभेत कोणीतरी काढणारच. तुम्ही आधी बोललात तर तो मुद्दा राहतो, त्याने आधी काढली तर ती हरकत होते.

वेळ आणि अंतर तपासणं

प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यात सेकंद लिहा. सरासरी 90 येते, पण समान वाटू नका: बिलाला 45 पुरतात, पाण्याच्या वाटेला 150 लागतात. मग घड्याळ लावून उभं राहून बोला. मनातल्या मनात वाचलं तर वेळ नेहमी कमी भरते. बेरीज 720च्या वर गेली तर भरभर बोलायची तयारी करू नका, एक तुकडा बाजूला ठेवा.

अंतराची चाचणी सोपी आहे. पडदा 1.8 मीटर रुंद आणि शेवटची रांग 9 मीटरवर, म्हणजे रुंदीच्या पाचपट. तुमची 9 सेंटिमीटरची चौकटही पाचपट, म्हणजे 45 सेंटिमीटरवर धरा. तिथून न ताणता वाचता आली तर शेवटच्या रांगेलाही वाचता येईल, फक्त स्लाइडवर अक्षराचं हेच प्रमाण ठेवा.

एवढं झालं की तुकडे नव्या क्रमाने दुसऱ्या कागदावर चिकटवा आणि मगच सॉफ्टवेअर उघडा. तयार साचा न घेता रिकामी मांडणी निवडा. एका चौकटीची एक स्लाइड. बनवताना नवी स्लाइड सुचली तर आधी कागदावर तिचं वाक्य लिहा आणि ते शेजारच्या दोन वाक्यांशी जुळतं का पाहा. सभेला हा कागद खिशात न्या. वीज गेली तर पट्ट्यांमधली आठ वाक्यं वाचत बोलणं पुढे चालू ठेवता येतं.