जुना डेटा पुसणारा जॉब तपासताना या चुका टाळा

निपाणीच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळत होतो. नियम साधा: कर्ज बंद होऊन ८ वर्षं झाली की नोंद पुसायची. काही जुनी कर्जं मात्र पुसली जाईनात, कारण कारकुनांनी बंद तारीख भरलीच नव्हती. आमच्यातल्या एका घाईच्या पोराने तोडगा काढला:

```sql
DELETE FROM loans
WHERE COALESCE(closed_on, opened_on) < :cutoff;
```

बंद तारीख नसेल तर उघडल्याची धरा. टेस्ट हिरव्या. पण चालू कर्जालाही बंद तारीख नसतेच, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. २०२३ मध्ये जॉब चालला. चौथ्या दिवशी एक तंबाखूवाले काका काउंटरवर आले. २०१४ चं सोनेतारण, दरवर्षी त्याच नंबरावर नूतनीकरण. "पावती ही बघा की! मग माझं सोनं कुठं हाय?" सोनं तिजोरीत होतं, कर्ज मात्र संगणकात नव्हतं. बॅकअपमधून नोंदी परत आणल्या आणि मधल्या दिवसांचं व्याज हाताने जुळवलं.

टेस्ट डेटात जुनी कर्जं सगळी बंद आणि नवी सगळी चालू होती. 'जुनं पण चालू' असं एकही नव्हतं. आता मी पहिली ओळ तीच घालते. `closed_on` रिकामं असेल तर `closed_on < :cutoff` ही अट खरी ठरत नाही आणि नोंद वाचते, तेच हवं. शिल्लक शून्य पण बंद तारीख नाही, अशा खात्यांची यादी शाखेला द्यायची. तारीख त्यांनी भरावी, आपण अंदाज करायचा नाही.

किती ओळी गेल्या एवढंच मोजून खूश होणारे मला बघवत नाहीत. दहा जायला हव्या होत्या आणि दहाच गेल्या, पण चुकीच्या गेल्या तर? टेस्टमध्ये उरलेल्या नोंदींचे आयडी एकेक जुळवा.

क्वेरीत `NOW()` नको. कटऑफ बाहेरून द्या, म्हणजे सीमा तपासता येते: कटऑफ `2017-04-01` असेल तर ३१ मार्चला बंद झालेलं जातं, १ एप्रिलचं राहतं. वेळ यूटीसीमध्ये साठवत असाल तर इथे हमखास फसाल. वर्षअखेरीला शाखा मध्यरात्र उलटेपर्यंत चालते. १ एप्रिल लागल्यावर रात्री १२:४० ला बंद केलेलं कर्ज यूटीसीत ३१ मार्च, १९:१० असतं. तेवढी एक ओळ टेस्ट डेटात ठेवाच.

जामीनदारांच्या ओळी अनाथ राहतात का, तेही बघा. कोर्टात अडकलेलं एक बंद खातंही घाला, ते कितीही जुनं असलं तरी राहायला हवं. मग त्याच कटऑफने जॉब लगेच दुसऱ्यांदा चालवा. शून्याशिवाय दुसरा आकडा आला तर पुढे जाऊ नका.